नव्या सभासदांना सेक्रेटरीचं पत्र : या चुका टाळा

सभासदहो,

तुमच्या नावावर शेअर सर्टिफिकेट चढलं, अभिनंदन. ते पाचशे रुपयांचे शेअर्स कपाटात टाकण्याआधी एकदा नीट वाचा, कारण मेंटेनन्सवरचे निम्मे वाद ते न वाचल्यामुळे होतात. फ्लॅट वापरण्याचा हक्क तुमचा. पण बाहेरच्या भिंती, गच्ची, जिना, लिफ्ट आणि सगळ्यांसाठीचे पाइप सोसायटीचे, म्हणजे आपल्या वीसही जणांचे.

पहिली चूक नेहमीचीच. "मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टचे पैसे का भरू?" उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा बसतो, वापरा किंवा नका वापरू. वॉचमन, सफाई, कार्यालय या सेवाशुल्काचंही तेच. महिन्याला चाळीस हजार खर्च असेल तर प्रत्येकी दोन हजार, मग घर वन बीएचके असो की थ्री. घराच्या आकाराप्रमाणे बदलतो तो सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी : जमिनीची किंमत वगळून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. म्हणजे खर्च आठ लाख असेल तर वर्षाला दोन हजार, बारा लाख असेल तर तीन हजार. बिलातल्या फरकाचं एक कारण हेच असतं, माझी मर्जी नव्हे.

दुसरी चूक जास्त महागात पडते : गळती. छतावर ओल दिसली की लोक सोसायटीला अर्ज देतात आणि "दुरुस्ती होईपर्यंत मेंटेनन्स भरणार नाही" असं लिहून मोकळे होतात. मुळात गळती कुठून येते, ते कोणी पाहत नाही. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी किंवा बाहेरचा सामायिक पाइप असेल तर खर्च सोसायटीचा, त्यातून खराब झालेल्या छताच्या प्लास्टरसह. वरच्या फ्लॅटचं बाथरूम किंवा सिंक गळत असेल तर ते त्या सभासदाचं.

ओळखायचं कसं? ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बारा महिने असेल तर वरच्या बाथरूमचा नाहणी ट्रॅप कापडाने बंद करा, फरशीवर दोन इंच रंगीत पाणी भरा आणि काही तास थांबा. खाली रंग उतरला की फरशी किंवा सांधे दोषी. नाहीच उतरला तर ट्रॅप मोकळा करून पाणी सोडा. आता खाली दिसलं तर दोष ड्रेनेजमध्ये. गेल्या वर्षी एका फ्लॅटमध्ये हा प्रयोग न करताच गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि ओल तशीच राहिली. तेव्हा आधी मीच होकार दिला होता, हेही सांगून टाकतो.

मेंटेनन्स रोखल्याने गळती थांबत नाही. थकबाकीवर मात्र सरळव्याज लागू शकतं, आणि वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे जायला समितीला मार्ग मोकळा असतो. म्हणून बिल भरा, आणि तक्रार तारीख-फोटोसह लेखी द्या. मी पोच देतोच.

आपला,
सेक्रेटरी