कट चालू असताना डीलोडची माती करणाऱ्या चुका

गणपतीपर्यंत पोट आत न्यायचं म्हणून जूनमध्ये कट, म्हणजे कमी खाऊन चरबी उतरवणं, सुरू केलेल्या मंडळींचे फोन मला श्रावणात येतात. प्रश्न दरवर्षी तोच असतो. "सर, वजन उतरतंय, पण स्क्वॉट अडकलाय. अजून काय वाढवू?" नाशिकमध्ये बारा वर्षं पोरांना बारबेल शिकवतोय, आणि त्यातला "वाढवू" हा शब्द ऐकला की आता माझं डोकं दुखतं. अडकलेल्या माणसाला काही कमी करायचं असू शकतं, हे सुचतच नाही. डीलोड म्हणजे तेच, ठरवून घेतलेला व्यायामाचा हलका आठवडा.

सगळ्या चुका इथे सांगत बसणार नाही. दोनच चुकांनी मी जास्त लोक बसलेले पाहिलेत, त्या नीट सांगतो.

पहिली चूक: थकव्याला आळस समजणं

सातपूरच्या एका कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करणारा एक पोरगा आहे. वय चोवीस, वजन ८२ किलो. त्याला वजन टिकवायला रोज साधारण २४०० कॅलरी लागत होत्या, तो खात होता १७००. नऊ आठवड्यांत ७६ वर आला. म्हणजे आठवड्याला साधारण ०.८ टक्के वजन गेलं, हा वेग काही वेडा नाही. घोळ बाकीच्या गोष्टींत होता. आठवड्यातून सहा दिवस जिम, दर तिसऱ्या आठवड्याला नाइट शिफ्ट, आणि या नऊ आठवड्यांत एकही हलका आठवडा नाही.

त्याची वही माझ्याकडे आहे. पाचव्या आठवड्यात १०० किलोचा स्क्वॉट पाच-पाच-पाच, म्हणजे तीन सेट, प्रत्येकी पाच रेप्स. सातव्यात पाच-चार-चार. आठव्यात चार-तीन-तीन, आणि त्याच आठवड्यात बेंच आणि डेडलिफ्टही खाली. त्याने काय करावं? स्क्वॉटचे दोन सेट वाढवले आणि ड्यूटीहून येता येता गोल्फ क्लब मैदानावर धावणं सुरू केलं. पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नव्हती. झोपेतून उठल्यावर जी नाडी ५८ असायची ती ६६ झाली होती. हे सगळं तो स्वतःच वहीत लिहीत होता, पण वाचत नव्हता.

कटमध्ये लिफ्ट अडकली की मी तीन गोष्टी वेगळ्या करतो. फक्त बेंच एखाद्या रेपने खाली आला आणि बाकी सगळं जागेवर असेल, तर मी काहीच करत नाही. अंग बारीक झालं की बेंच थोडा घसरतोच. पहिला सेट छान जातो, पण तिसऱ्या-चौथ्यात हवा निघते, असं असेल तर आधी ताटाकडे बघतो. बहुतेक वेळा व्यायामाच्या आधी पोटात भात-भाकरी गेलेली नसते. पण पहिलाच सेट जड जातोय, वॉर्मअपचे ६० किलो ८० सारखे वाटताहेत, आणि सलग तीन वेळा दोन-तीन लिफ्ट एकदम खाली आल्यात, तर तो साठलेला थकवा. त्याच्यावर सेट वाढवणं म्हणजे तापलेल्या इंजिनाला अजून रेस देणं.

एक वाईट दिवस मोजू नका. नाइट करून आलेल्या माणसाचा स्क्वॉट वाईटच होणार. म्हणून मी प्रत्येकाला एक तपासणीचा सेट ठरवून देतो. आठवड्यातून एकदा, तेच वजन, तेवढेच रेप्स, आणि बाजूला लिहायचं की अजून किती निघाले असते. याच्या बाबतीत तो सेट ९० किलो आणि पाच रेप्स होता. "अजून तीन निघाले असते" पासून "एकही नाही" पर्यंत तो तीन आठवड्यांत आला होता. नाडीपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. नाडी चहानेही वाढते, रात्रीच्या जागरणानेही वाढते, आणि फार लांबलेल्या थकव्यात काही जणांची उलट कमीही होते.

इथे एक शब्द नीट वापरूया. दोन वर्कआउट वाईट गेले की लोक "ओव्हरट्रेनिंग झालं" म्हणतात. खरं ओव्हरट्रेनिंग म्हणजे नीट आराम आणि जेवण मिळूनही महिनोन् महिने ताकद परत न येणं. ते जिममध्ये येणाऱ्या साध्या माणसाला फार क्वचित होतं. या पोराला झालं होतं ते त्याच्या अलीकडचं, जे एक-दोन हलक्या आठवड्यांत निघून जातं. किंवा निघून जायला हवं होतं.

दुसरी चूक: डीलोडमध्ये जेवण अजून कमी करणं

मी त्याला सांगितलं, एक आठवडा डीलोड घे. शिफ्टमध्ये अडकला होता, फोनवरच बोलणं झालं, आणि तिथे माझंही चुकलं. डीलोड म्हणजे काय हे मी सांगितलंच नाही, त्याला माहीत असेल असं धरून चाललो.

त्याने जिम पूर्ण बंद केली. मग डोकं चालवलं की व्यायामच नाही तर खायचं कशाला, आणि १७०० चं १४०० केलं. तो आठवडा नेमका तिसऱ्या श्रावणी सोमवारचा. रविवारी रात्री मित्रांबरोबर त्र्यंबकला गेला, कुशावर्तात डुबकी मारून अनवाणी ब्रह्मगिरीची फेरी केली. वीस किलोमीटरच्या आसपासची वाट, पावसाचा चिखल, रात्रभर जागरण, वर सोमवारचा उपवास आणि दिवसभरात साबुदाण्याची एक प्लेट. फेरीला माझा काही विरोध नाही, मीही केलीय. पण त्याला आराम म्हणू नका. गुरुवारी येऊन त्याने ९० किलो उचलले, तीन रेप्समध्ये बार रॅकवर ठेवला आणि म्हणाला, "सर, डीलोड वगैरे सगळं फेक आहे."

मी त्याला समोर बसवून मागच्या सात दिवसांचं जेवण लिहायला लावलं. दही-साबुदाण्याच्या पुढे त्याची पेन्सिल अडली, तेव्हा त्याच्याच लक्षात आलं.

शरीराला दुरुस्तीसाठी जे लागतं ते ताटातून येतं. कटमध्ये ते आधीच तोकडं असतं, म्हणूनच कटमध्ये डीलोड लवकर लागतो. भरपूर खाणारा माणूस आठ आठवडे ओढू शकतो. कटवाल्याला मी चार ते सहा आठवड्यांतच थांबवतो. आणि त्या आठवड्यात जेवण वाढवतो, कमी करत नाही.

त्या पोराचा दुसरा डीलोड असा लावला. जिम तीन दिवस. स्क्वॉट १०० किलो तीन सेटऐवजी ९० किलो दोन सेट, प्रत्येकी तीन रेप्स, प्रत्येक वेळी बार ठेवताना अजून चार-पाच निघतील असं वाटलं पाहिजे. बेंच आणि डेडलिफ्टलाही तोच न्याय. वजन थोडंच कमी, आठवड्याचे एकूण सेट मात्र निम्मे किंवा त्याहून कमी. लोक उलट करतात. वजन एकदम अर्ध्यावर आणतात आणि वीस-वीस रेप्सचे पाच सेट मारून घाम काढतात. कटमध्ये मांस टिकवून ठेवायला जड वजनाची आठवण लागते, सेट कमी चालतात. धावणं बंद, सकाळी अर्धा तास साधं चालणं.

जेवण २३५० वर नेलं. ऐकायला मोठं वाटतं, पण ताटात बघा: रोजच्यापेक्षा दोन ज्वारीच्या भाकऱ्या, एक वाटी भात आणि एक केळं. बास. तेल-तूप वाढवलं नाही, प्रोटीन होतं तेवढंच ठेवलं, म्हणजे दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम. मिसळ-पाव रोज नाही, हे मला वेगळं सांगावं लागलं, कारण नाशिककर "जेवण वाढव" चा अर्थ कुठे नेईल सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याचा फोन. "सर, ७६.१ चे ७७.२ झाले! चरबी परत आली." एक किलो चरबी चढायला साडेसात हजारांच्या आसपास कॅलरी वर जाव्या लागतात. हा तर अजूनही वजन टिकवण्यापुरतंच खात होता. स्नायूंतला रिकामा झालेला साखरेचा साठा भरतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. काट्यावर दिसतं ते हेच. मी काटा आठवडाभर पलंगाखाली टाकायला सांगितला. माझी ही सवयच आहे, डीलोडच्या आठवड्यात काटा बंद.

सातव्या दिवशी तपासणीचा सेट घेतला. ९० किलो, पाच रेप्स, "अजून दोन निघाले असते." झोप पहाटे पाचपर्यंत टिकत होती. लगेच मागच्या ओझ्यावर उडी मारू दिली नाही. पहिल्या आठवड्यात सेट दोन-तृतीयांश, जिम सहाऐवजी चार दिवस, आणि तूट सातशेवरून साडेचारशे कॅलरीवर. नवव्या दिवशी १०० किलो पाच-पाच गेला. आणि ते चढलेलं वजन? दहा-बारा दिवसांत काटा ७५.८ दाखवत होता.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

थकव्यावर प्री-वर्कआउटचा डबल स्कूप. तो थकवा घालवत नाही, दुपारपर्यंत झाकतो, आणि रात्रीची झोप खातो.

डीलोडच्या शेवटच्या दिवशी "ताकद आली का बघू" म्हणून मॅक्स मारणं. हात जोडतो.

डीलोडमध्ये "वेळ आहे तर" पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणं.

डीलोड घेऊनही काही होत नसेल तर

सकाळच्या बॅचला एक ताई येतात, पस्तिशीतल्या, शाकाहारी. त्यांचाही डेडलिफ्ट अडकला होता आणि लक्षणं तीच. डीलोड नीट घेतला, जेवण वाढवलं, आठवडा झाला, दोन झाले. तपासणीचा सेट जागचा हलला नाही, आणि कॉलेज रोडवर जिना चढताना धाप लागते म्हणाल्या. मी पुढचा प्लॅन लिहिला नाही, रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात.

तेव्हापासून माझा नियम आहे. पोट भरून खाल्लेले दोन हलके आठवडे झाले आणि तरी सेट हलत नाही, तर माझं काम संपलं, डॉक्टरांचं सुरू. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड याबद्दल त्यांना विचारा. पाळी पुढे गेली किंवा बंद झाली असेल तर दोन आठवडेही थांबू नका, ते कमी जेवणाचंच लक्षण असू शकतं. आणि पावसाळ्यात डेंगी किंवा व्हायरल होऊन गेलेला असेल, तर ताकद परत यायला बरेच आठवडे लागतात, त्या काळात कट मुळात चालूच नको.

ताई सध्या लोहाच्या गोळ्यांवर आहेत. गोळ्या घेताना चहा लांब ठेवतात, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. कट बंद आहे, डेडलिफ्ट ५० किलोवर हळूहळू चाललाय.