पेपर सोपा गेला म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

परभणीतल्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेच्या धर्तीवर सराव पेपर होतो. 100 प्रश्न, 100 गुण, एक तास आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. पेपर गोळा करण्याआधी मी प्रत्येकाला पहिल्या पानावर एक आकडा लिहायला लावतो: तुला किती पडतील? नवीन आलेल्या पोरांचा आकडा जवळपास दरवेळी निकालाच्या बराच वर असतो. दोन-तीनदा मुख्य परीक्षा देऊन आलेल्यांचा आकडा निकालाच्या आसपास असतो, कधी कधी खालीसुद्धा.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली तर्क, व्याकरण वगैरेच्या चाचण्या घेऊन विद्यार्थ्यांना स्वतःचा क्रमांक ओळखायला सांगितलं होतं. सगळ्यात मागच्या चौथाईतली मुलं सरासरीनं शंभरातल्या 12 जणांच्याच पुढे होती, पण आपण 62 जणांच्या पुढे आहोत असं त्यांना वाटत होतं. कारण साधं आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखायला जे ज्ञान लागतं, तेच ज्ञान उत्तर द्यायलाही लागतं. ते कमी असेल तर चूकही होते आणि चूक झाल्याचं कळतही नाही. या फरकातला काही भाग नुसत्या गणितातून येतो, कारण रांगेत शेवटी उभा असलेल्याचा अंदाज चुकला तर तो वरच्याच बाजूला चुकणार. अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. तरी रविवारच्या पेपरात मला जे दिसतं ते एवढ्यानं भागत नाही.

कारमेन सांचेझ आणि डनिंग यांचं 2018 सालचं काम मला जास्त ओळखीचं वाटतं. अगदी कोरा माणूस जपूनच अंदाज करतो. थोडं शिकून झालं की त्याचा आत्मविश्वास एकदम उसळतो, आणि कौशल्य मात्र मागे राहतं. आमच्याकडे हा काळ पहिला ठोकळा वाचून संपल्यावर येतो. तिथून पुढे खालच्या चुका सुरू होतात.

वाचलेलं ओळखीचं वाटतं म्हणून ते येतं असं समजणे

चार रंगांचे हायलायटर घेऊन तेच पान पाचव्यांदा वाचणारी पोरं पाहिली की माझा जीव तुटतो. मेहनत खरी असते, पण ती मोजायची पट्टी खोटी असते. पाचव्या वाचनात डोळा ओळींवरून सरसर जातो, आणि ती सरसर म्हणजेच पाठांतर असं मन धरून चालतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली हे नीट तपासलं. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्या लक्षात जास्त राहील असं सगळ्यात ठामपणे कोणाला वाटत होतं? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

आपल्या भागातला इतिहास इथेच घात करतो. 17 सप्टेंबरला झेंडावंदन करत आपण मोठे झालो. 'ऑपरेशन पोलो', 13 सप्टेंबर 1948, स्वामी रामानंद तीर्थ ही नावं कानात बसलेली आहेत. म्हणून हा घटक पोरं वाचायला घेतच नाहीत, 'आपलाच आहे' म्हणतात. मग पेपरात विधान येतं: '1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे आठ जिल्हे मुंबई राज्यात समाविष्ट झाले.' अर्धी खोली त्यावर 'बरोबर' करते आणि पुढे जाते. आज मराठवाड्यात जिल्हे आठ आहेत, पण तेव्हा पाच होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना 1981 साली झाला, लातूर 1982 साली, हिंगोली 1999 साली. तारीख ओळखीची, नावं ओळखीची, आठ हा आकडाही ओळखीचा, त्यामुळे शंका यायला जागाच उरत नाही. सोलापूरचं एखादं पोरगं मात्र त्याच विधानावर थांबतं, कारण त्याला ते परकं वाटतं.

माझ्याकडे यावर एकच उपाय आहे. घटक संपला की पुस्तक मिटायचं, एक दिवस जाऊ द्यायचा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. त्याच दिवशी लिहिलं तर ताजेपणामुळे पुन्हा फसवणूक होते. दुसऱ्या दिवशी कागद अर्धा कोरा राहिला की बरीच पोरं वैतागून हे सोडून देतात आणि परत हायलायटर उचलतात. तो कोरा भागच त्यांना हवी असलेली माहिती आहे, हे सांगून सांगून मी थकलो.

उत्तरतालिका बघत 'हे येत होतं, घाईत चुकलं' म्हणणे

ही माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त वर्षं खाणारी चूक. उत्तर समोर आल्यावर ते आधीपासून माहीत होतं असंच वाटतं. यात लबाडी नसते, स्मरणशक्ती तशीच चालते. म्हणून पुरावा पेपर सोडवतानाच गोळा करावा लागतो, नंतर नाही.

जिंतूर तालुक्यातला एक मुलगा होता. पहाटे पाचला खुर्चीवर, रात्री शेवटचा दिवा त्याचा. प्रत्येक पेपरानंतर म्हणायचा, "सर, साठीच्या खाली येत नाहीत बघा." आणि यायचे चाळीसच्या आतबाहेर. चुका दाखवल्या की म्हणायचा, तुक्के जास्त मारले, पुढच्या वेळी तुक्के बंद. त्यानं ते केलंही. गुण हलले नाहीत, उलट थोडे कमी झाले. मग घरचे, गावातले, अभ्यासिकेतले सगळे त्याला एकच सांगू लागले की तुक्का सोड, घाई सोड. निदान चुकलं होतं आणि औषध जोरात चालू होतं.

त्याला मी म्हटलं, "या रविवारी तुला वाटेल तसा सोडव, पण प्रश्नपुस्तिकेत प्रत्येक उत्तराशेजारी एक अक्षर लिही. पक्कं असेल तर 'प'. दोन पर्याय काढून टाकलेस आणि उरलेल्या दोनांत अडकलास तर 'अ', म्हणजे अर्धं. काहीच माहीत नसताना गोल भरलास तर 'तु'." उत्तरपत्रिकेवर काही लिहायचं नाही, फक्त पुस्तिकेत. पहिल्या पानावर त्यानं अंदाज लिहिला: 62.

त्यानं 94 प्रश्न सोडवले. मी अक्षरांप्रमाणे ढीग वेगळे केले. 'तु' होते 14, त्यातले 4 बरोबर. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी साधारण एवढेच येतात. 'अ' होते 28, त्यातले 13 बरोबर, म्हणजे निम्म्याच्या जवळ. दोनांत अडकलेल्या माणसाचं हेच व्हायला हवं. आणि 'प' होते 52, त्यातले बरोबर 33. एकूण 50 बरोबर, 44 चूक, वजावट 11, हातात 39.

आता त्याच्या 62 कडे बघा. 'प'चे सगळे 52 बरोबर आले असते तर बरोबर उत्तरं 69, चूक 25, आणि गुण 62.75. म्हणजे त्यानं स्वतःच्या पक्क्या उत्तरांवर पूर्ण भरवसा ठेवून अंदाज केला होता, आणि अंदाज व निकाल यांच्यातलं सगळं अंतर त्या 19 पक्क्या चुकांत होतं. त्याचे तुक्के अपेक्षेप्रमाणेच वागत होते. तुक्के बंद करून गुण का कमी झाले तेही इथेच कळतं: पाव गुण वजावट असताना कोऱ्या तुक्क्यात सरासरीनं थोडं हातीच येतं, आणि दोनांत अडकलेल्या प्रश्नात तर तीन अष्टमांश गुणाचा फायदा असतो. तो घाबरून 'अ'सुद्धा सोडत होता.

त्या 19 प्रश्नांचा आम्ही एकेक करून पिच्छा पुरवला. बहुतेक 'खालीलपैकी कोणती विधाने योग्य आहेत' या जातीचे होते. पहिलं विधान त्याला खरंच येत असे, आणि त्या जोरावर तो दुसऱ्याला 'पक्कं' करून टाकी. त्यानंतर त्यानं सवय बदलली: प्रत्येक विधानाशेजारी वेगळं अक्षर लिहायचं, आणि त्यातलं सगळ्यात कच्चं अक्षर तेच प्रश्नाचं अक्षर. घाई हे कारण त्या 19 पैकी अगदी थोड्यांना लागू पडलं.

एका पेपरावरून निष्कर्ष काढू नका. एका पेपरात 'तु' दहा-पंधराच असतात, त्यात नशिबानं सात बरोबर येऊ शकतात. निदान चार-पाच पेपरांचे ढीग एकत्र करून बघा, तेव्हा आकडा स्थिर होतो. माझी स्वतःची रेघ अशी आहे की 'प'मधले शंभरात नव्वद तरी बरोबर यायला हवेत. त्याखाली असाल तर नवीन पुस्तक विकत घेऊ नका, हातातलं तपासा.

हेच ढीग उलट आजारही दाखवतात. हिंगोलीकडची एक मुलगी दर पेपरात पंचवीस-तीस प्रश्न कोरे सोडायची. तिला मी कोऱ्या प्रश्नांचीही उत्तरं पुस्तिकेत लिहायला लावली, तर तिच्या 'अ'मधले दोन तृतीयांश बरोबर निघाले. ती स्वतःला कमी मोजत होती, आणि हे तिला मी समजावून सांगितलेलं कधीच पटलं नसतं.

बाकीच्या, थोडक्यात

तोच पेपर दुसऱ्यांदा सोडवून आलेले गुण धरू नका. त्यात प्रश्न आठवतात, विषय नाही.

अभ्यासाचे तास सांगू नका. बारा तास बसलो हा खर्च झाला, जमा काय ते वेगळं मोजा.

आपल्याच क्लासच्या पेपरावर विसंबू नका. ज्यानं शिकवलं त्यानंच प्रश्न काढले तर शब्दही ओळखीचे असतात. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा आणि अंतिम उत्तरतालिकेवरून तपासा. पहिल्या तालिकेतली काही उत्तरं हरकतींनंतर बदलतात किंवा प्रश्नच रद्द होतात.

मित्राला 'माझी तयारी कशी वाटते' असं विचारू नका. तो तुमच्यासोबत चहा पितो, तो चांगलंच सांगणार. त्याला पुस्तक द्या आणि कुठल्याही पानावरचा प्रश्न विचारायला सांगा.

तपासणी स्वतः करू नका. पुस्तिका आणि उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हातात द्या, पेन पिशवीत ठेवा. अर्धवट भरलेला गोल आपल्याला भरल्यासारखा दिसतो.

जिंतूरच्या त्या मुलाचा काही महिन्यांनंतरचा एक पेपर माझ्याकडे आहे. 'प' 41, त्यातले 36 बरोबर. 'अ' 34, त्यातले 18. 'तु' 10, त्यातले 2. गुण 48.75, आणि पहिल्या पानावर त्याचा अंदाज 50. गुण अजून कमीच होते आणि ते त्यालाही माहीत होतं. त्या वर्षी त्यानं राज्यसेवेचा फॉर्म भरला नाही, संयुक्तचाच भरला, आणि विधानांच्या प्रश्नांसाठी राज्यव्यवस्था पहिल्या प्रकरणापासून परत काढली.