गणपतीची रजा दोघांनाही हवी असेल तेव्हा: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

एका टीममध्ये दोन मराठी माणसे असली, की सप्टेंबरच्या रजेवरून ओढाताण होतेच, आणि नवीन मंडळी दरवर्षी आधी विमानाचे तिकीट काढून मगच रजेचा अर्ज करतात. कृपया तसे करू नका. मंजुरीआधी काढलेले तिकीट इथे कोणी सबब म्हणून ऐकून घेत नाही, आणि नामंजूर झालेली रजा परस्पर घेतल्यास नोकरीही जाऊ शकते.

1963 च्या रजा कायद्यानुसार तुमच्या पसंतीच्या तारखा विचारात घेणे मालकावर बंधनकारक आहे. मात्र कामाची तातडीची निकड असल्यास, किंवा दुसऱ्या सहकाऱ्याचे कौटुंबिक कारण अधिक महत्त्वाचे ठरल्यास, तो नकार देऊ शकतो. त्यामुळे ‘अर्ज आधी माझा आला’ एवढ्यावर विसंबून राहू नये. नोकरीला सहा महिने होईपर्यंत पूर्ण वर्षाची रजा मिळत नाही, हेही तपासून घ्यावे.

मॅनेजरकडे जाण्यापूर्वी सहकाऱ्याला एवढेच विचारावे, की त्याच्या घरी चुकवता न येणारा दिवस नेमका कोणता. आपण सरसकट ‘गणपतीची रजा’ म्हणतो, पण कोकणातल्या ज्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो तिथे प्रतिष्ठापनेला हजर राहणे महत्त्वाचे, तर मराठवाड्यातल्या घरी महालक्ष्म्यांचे तीन दिवस मोठे. 2026 मध्ये चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे आणि गौरी आवाहन 17 तारखेला. म्हणजे पहिल्याने 10 ते 16 आणि दुसऱ्याने 16 ते 25 अशी रजा घेतली, तर दोघेही नसतील असा दिवस फक्त बुधवार, 16 तारखेचा उरतो, आणि त्या एका दिवसासाठी तिसरा सहकारी सहज तयार होतो.

हे ठरले की दोघांनी मिळून एकच मेल पाठवावा. त्याचा मजकूर असा असावा:

“आम्हा दोघांनाही सप्टेंबरमध्ये घरच्या सणासाठी भारतात जायचे आहे. मी 10 ते 16 आणि माझे सहकारी 16 ते 25 सप्टेंबर अशी रजा मागत आहोत. 16 तारखेला आमचे काम कोण पाहील, हे त्या व्यक्तीच्या संमतीने ठरवले आहे. नाताळ ते नववर्ष या काळात आम्ही दोघेही कामावर राहू. या तारखा अडचणीच्या असल्यास कोणते दिवस बदलावेत, ते 15 मार्चपर्यंत कळवावे, म्हणजे तिकिटे वेळेत काढता येतील.”

या मेलमध्ये सणाचे धार्मिक महत्त्व विस्ताराने सांगितलेले नाही, ते मुद्दाम. इथल्या मॅनेजरला श्रद्धेविषयी आदर असतो, परंतु त्याच्यापुढचा प्रश्न त्या दिवशी काम कोण करणार हाच असतो. नाताळचा प्रस्ताव मात्र मनापासून द्यावा आणि पाळावा, कारण त्या आठवड्यात इथल्या सहकाऱ्यांना घरी जायचे असते, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्या आपल्या काही मंडळींमुळे पुढच्यांची अडचण झालेली मी पाहिली आहे.

दोघांनाही चतुर्थीच हवी असेल तर तारखा विभागता येत नाहीत. तेव्हा 2026 एकाचे आणि 2027 दुसऱ्याचे, असे मॅनेजरच्या माहितीने मेलवर लिहून ठेवावे.