ग्रीन स्क्रीनची हिरवी कड कशी घालवावी आणि प्रकाश प्लेटशी कसा जुळवावा

पडदा सुरकुत्यांशिवाय ताणला आहे, त्याला स्वतंत्र दिवे दिले आहेत, व्यक्ती त्याच्यापासून आठ-दहा फूट पुढे उभी आहे आणि कॅमेऱ्यातले शार्पनिंग बंद आहे, एवढे मी गृहीत धरतो. पार्श्वभूमीची प्लेट, म्हणजे पडद्याच्या जागी येणारे चित्रण, मात्र आधी चित्रित करावी आणि स्टुडिओत नंतर जावे, कारण दिवे कुठे ठेवायचे हे प्लेट ठरवते.

उदाहरण म्हणून शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घेऊ. निवेदिका दरवाजाकडे पाठ करून बोलते आहे आणि प्लेट डिसेंबरातल्या दुपारी साडेचारची आहे. हा दरवाजा उत्तराभिमुख असल्यामुळे कॅमेरा दक्षिणेकडे पाहतो, आणि त्या वेळी सूर्य नैर्ऋत्येला बराच खाली उतरलेला असतो. म्हणजे दरवाजाची दर्शनी बाजू सावलीत असते आणि निवेदिकेवर ऊन पडते ते मागून, कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाने. असे असताना स्टुडिओत समोरून दोन सॉफ्टबॉक्स सारख्याच जोराने लावले, तर की, म्हणजे पडद्याचा रंग काढून केलेली कापणी, कितीही स्वच्छ निघाली तरी ती बाई वाड्यासमोर चिकटवल्यासारखीच दिसणार. समोरचा प्रकाश मऊ आणि मंद ठेवावा, आणि उजवीकडून मागचा दिवा त्याहून सुमारे दोन स्टॉप जास्त व रंगाने थोडा उबदार ठेवावा. प्लेट घेतानाच एखाद्या सहकाऱ्याला नेमक्या जागी उभे करून एक शॉट घेतला, की अंदाज बांधावा लागत नाही. कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि व्हाइट बॅलन्स त्याच वेळी वहीत टिपून ठेवावेत.

आता कडांकडे वळू, कारण मला सर्वाधिक छळले ते याच टप्प्याने. केसांच्या कडेचा पिक्सेल हा निव्वळ केस नसतो. त्यात थोडा केस आणि थोडा पडदा मिसळलेला असतो. दरवाजाचे सावलीतले लाकूड काळपट आणि पडदा उजळ, त्यामुळे हिरवेपणा काढून टाकला तरी पडद्याचा उजेड कडेत शिल्लक राहतो आणि केसांभोवती राखाडी रेघ दिसते. अशा वेळी बहुतेक जण मॅट, म्हणजे चित्राचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा काळा-पांढरा मुखवटा, आत ढकलतात; Keylight या पडदा काढणाऱ्या इफेक्टमध्ये Screen Shrink/Grow ऋण करतात किंवा Clip Black वाढवत नेतात. हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. रेघ जाते हे खरे, पण तिच्याबरोबर सुटे केसही जातात आणि डोके कात्रीने कापल्यासारखे दिसते.

त्याऐवजी मॅट आणि रंग ही दोन कामे वेगळी करावीत. एक की केवळ केसांसाठी, मऊ ठेवून, Clip Black आणि Clip White ला जवळजवळ हात न लावता काढावी. दुसरी की कडक काढून थोडी आत घ्यावी आणि शरीराच्या आतली भोके बुजवण्यापुरती वापरावी. मग View मध्ये Intermediate Result निवडावे, म्हणजे Keylight रंगाला हात लावत नाही आणि स्पिल, म्हणजे पडद्यावरून अंगावर आलेली हिरवी झाक, वेगळ्या इफेक्टने काढता येते. कडेतला उरलेला उजेडही वेगळा, कडेपुरता मास्क करून प्लेटच्या रंगाकडे ओढत खाली आणावा. मूळ उपाय मात्र चित्रीकरणातच आहे: प्लेट काळपट असेल, तर पडदा चेहऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप मंद ठेवावा.

स्पिल काढण्याचे सूत्र साधे आहे. हिरवा घटक इतर दोघांच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही:

```
g = min(g, (r + b) / 2)
```

पण निवेदिका हळदी रंगाच्या साडीत असेल, तर हे सूत्र साडीलाच खाते. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर, निळा अगदी कमी. सरासरीची मर्यादा लावली की साडी विटकरी होते. अंगावरच्या भागासाठी सौम्य सूत्र घ्यावे आणि सरासरीचे केवळ केसांच्या कडेला ठेवावे:

```
g = min(g, max(r, b))
```

(हिरवा चुडा असेल, तर सूत्रांच्या नादी न लागता निळा पडदा लावावा.) स्पिल मारण्यासाठी मागच्या दिव्याला जांभळट जेल लावण्याची शिफारस अनेक जण करतात. ती मला साफ अमान्य आहे, कारण हिरवे गेल्यावर केसांवर तो जांभळटपणा उरतो आणि तो प्लेटमध्ये कुठेच नसतो.

शेवटी चित्र कृष्णधवल करून पाहावे. दरवाजातला सर्वांत काळा भाग आणि केसांतला सर्वांत काळा भाग सारखे नसतील, तर निवेदिकेचे काळे आधी जुळवावे आणि रंगांना त्यानंतरच हात लावावा. कडा तपासण्यासाठी स्थिर फ्रेमवर विसंबू नये. निवेदिका मान वळवते तो भाग पुन्हापुन्हा चालवून पाहावा, कारण कडेची थरथर तिथेच उघडी पडते.