मॉनिटरचा व्हिडिओ काढताना काळे पट्टे आणि रंगीत लाटा: या चुका टाळा

मामांच्या नागपूरच्या इतवारीतल्या ठोक किराणा दुकानात दोन नवी पोरं कामाला लागली. बिलिंग रोज तोंडी शिकवण्यापेक्षा एकदाच व्हिडिओ करून ठेवू, असं ठरलं. नुसतं स्क्रीन रेकॉर्डिंग पुरलं नसतं, कारण बारकोडचं मशीन कसं धरायचं, प्रिंटरमध्ये रोल कसा घालायचा, हेही त्याच चौकटीत दिसायला हवं होतं. मोबाइल स्टँडवर लावला आणि मॉनिटरसमोर ठेवून रेकॉर्ड दाबलं. पाहतो तर बिलावरून एक जाड काळपट पट्टा संथपणे वर सरकतोय, मागची भिंत लुकलुकतेय आणि बिलाच्या करड्या ओळींवर पाण्यावर तेल सांडल्यासारख्या रंगीत लाटा उठल्यात.

मामा म्हणाले, "काहून रे, हा पट्टा कुठून येऊन राहिला? मॉनिटर गेला का?"

मॉनिटर ठणठणीत होता. दिसत होते ते तीन वेगवेगळे दोष, आणि मी मात्र तिन्हींवर एकच औषध शोधत बसलो होतो.

चूक पहिली: पट्टा कोणाचा, हे न बघता शटर बदलणं

मोबाइलचा कॅमेरा चित्र एका दमात टिपत नाही, वरून खाली ओळी-ओळीने वाचतो. समोरचा उजेड सतत कमी-जास्त होत असेल, तर काही ओळींच्या वाट्याला जास्त उजेड येतो, काहींच्या कमी. तोच पट्टा. मग शटरचा वेळ, म्हणजे प्रत्येक ओळ किती वेळ उजेड घेते तो, असा ठेवायचा की प्रत्येक ओळीला उजेडाचे पूर्ण फेरे मिळावेत, अर्धेमुर्धे नाही. एवढं समजलं की पुढचं सगळं साधं गणित आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एलईडी ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० सेकंद ठेवलं तर बरोबर दोन फेरे बसतात आणि भिंत स्थिर दिसते. पण कॉम्प्युटरचा मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढतो. त्याला १/६० लागतं. मी "भारतात ५०" एवढंच डोक्यात ठेवून १/५० लावलं, तर भिंत सुधारली आणि मॉनिटरवर पट्टा तसाच. १/६० केलं, तर मॉनिटर स्वच्छ आणि भिंत पुन्हा लुकलुकायला लागली. तासभर या दोन आकड्यांमध्ये येरझाऱ्या घातल्या.

म्हणून आधी तपासा. मोबाइल फक्त भिंतीकडे धरून दहा सेकंद रेकॉर्ड करा. तिथेही पट्टे असतील तर दोष ट्यूबचा. मग ट्यूब बंद करून फक्त मॉनिटर टिपा. आता जे उरेल ते मॉनिटरचं. उरलेला पट्टा एखाददुसरा आणि जाड असेल, तर शटर आणि मॉनिटरचा ताल जुळत नाहीये. बारीक बारीक रेघांची जाळी असेल, तर प्रकरण वेगळं, ते खाली सांगतो.

५० आणि ६० च्या या भांडणाचा निकाल मॉनिटरकडून लागला. विंडोजमध्ये Settings, System, Display, Advanced display इथे गेलो, तर Choose a refresh rate च्या यादीत ५० हर्ट्झ होतं. ते निवडलं की स्क्रीन क्षणभर काळी होते, घाबरू नका. चित्र परत आलंच नाही तर काही हात न लावता १५ सेकंदांत जुनी सेटिंग येते. मग मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. भिंत आणि मॉनिटर, दोन्ही एकदम शांत झाले. मोबाइलमध्ये २५ फ्रेम नसतील तर ३० चालतात, शटर मात्र १/५० च हवं. आयफोनमध्ये २५ चा पर्याय Show PAL Formats चालू केल्यावर दिसतो, पण शटर हाताने लावायला Blackmagic Camera सारखं वेगळं ॲप घ्यावं लागतं.

यादीत ५० नसेल तर ट्यूब बंद करा, दाराच्या उजेडात बसा आणि १/६० लावा. एवढ्यानेही काम होतं. फक्त नागपूरचं दुपारचं ऊन थेट मॉनिटरवर पडू देऊ नका, नाहीतर बिलाऐवजी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला मिळेल.

टीव्हीचं गणित त्यातल्या त्यात सोपं. सेट-टॉप बॉक्सवरून चॅनल चालू असेल तर आधी १/५० करून बघा. टीव्हीला लॅपटॉप जोडला असेल तर १/६०.

चूक दुसरी: चित्र जास्त उजळ झालं म्हणून मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवणं

शटर १/५० वर बांधलं की पांढरा भाग जळल्यासारखा दिसतो. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही, म्हणून आधी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ५० किंवा १०० वर आणा. तरी जळत असेल तर हात आपोआप मॉनिटरच्या ब्राइटनेसकडे जातो, आणि बारीक रेघांची जाळी इथेच जन्माला येते. पुष्कळ मॉनिटर ब्राइटनेस कमी करताना मागचा दिवा मंद करत नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि मॉनिटरच्या मेनूतला कॉन्ट्रास्ट कमी करा. त्याने दिव्याला हात न लागता फक्त पांढरा रंग करडा होतो. काहीजण लेन्ससमोर गॉगलची काच धरतात. ती पोलराइज्ड असेल आणि कोन चुकला तर मॉनिटर चक्क काळा दिसतो.

आणि एक्सपोजर लॉक करा. आमच्या सॉफ्टवेअरची स्टॉकची खिडकी गडद आहे. ऑटोवर ती उघडली की मोबाइल स्वतःच शटर बदलायचा आणि पट्टा परत हजर.

चूक तिसरी: लाटा शटरने जातील असं समजणं

रंगीत लाटांचा वेळेशी काही संबंध नाही. मॉनिटरच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी जवळजवळ सारख्या मापाच्या झाल्या, की एकमेकींवर पडून तिसरीच नक्षी उमटते. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून सरकवून बघा, अगदी तेच.

आमचा मॉनिटर १९२० ठिपके रुंद. फुल एचडीत तो चौकटभर घेतला, म्हणजे ठिपक्याला ठिपका, सगळ्यात वाईट जोडी. रेकॉर्डिंग फोर-के केलं तेव्हा मॉनिटरच्या एका ठिपक्याला व्हिडिओचे दोन ठिपके मिळाले आणि लाटा बऱ्याच ओसरल्या. पण मॉनिटर अर्ध्या चौकटीत मावेल इतकं मागे गेलो, तर पुन्हा ठिपक्याला ठिपका आणि लाटा परत. त्यामुळे अंतर वीतभर पुढे-मागे करून बघण्यात खरी मेहनत आहे. मोबाइल किंचित तिरका केला तरी नक्षी बदलते, पण मॉनिटर वाकडा दिसतो. मी बिलाची अक्षरं मोठी केली, मॅन्युअल फोकस काचेच्या केसभर अलीकडे आणला, उरलेल्या लाटा विरघळल्या आणि आकडे वाचता येत राहिले. नंतर एडिटिंगमध्ये रंग थोडा उतरवता येतो, पण लाटेखाली गेलेली बारीक अक्षरं परत येत नाहीत.

एका गोष्टीने मला फार फिरवलं. मोबाइलच्या लहान प्रिव्ह्यूत दिसणाऱ्या सगळ्याच लाटा व्हिडिओत नसतात. चित्र लहान करून दाखवताना त्या तिथेच तयार होतात. म्हणून दहा सेकंदांचा तुकडा कॉम्प्युटरवर पूर्ण आकारात बघूनच निकाल लावा. उलटही घडतं: स्वच्छ व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला की तो लहान होतो आणि लाटा नव्याने उठतात. पोरांना मी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तेव्हा जसाच्या तसा पोचला.