उरलेल्यांपैकी किती असाइनमेंट सोडता येतील? स्क्रीनवरची सरासरी बाजूला ठेवून मांडलेला हिशोब

सत्र अर्धं संपलं की सगळ्यांना हा प्रश्न पडतो, आणि सल्ला नेहमी एकच मिळतो: "पोर्टलवर सरासरी बघ, पासच्या वर आहे ना? मग दोन-चार सोड." हा सल्ला चुकीचा आहे. कुठे चुकतो ते कळलं की बाकीचा हिशोब पाच मिनिटांत होतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कोर्समध्ये असाइनमेंटना 40 टक्के वेटेज, मिडटर्मला 20, फायनलला 40. असाइनमेंट एकूण 12, प्रत्येकी 20 मार्कांच्या. पास होण्यासाठी एकूण 50 हवेत. पाच असाइनमेंट झाल्या आहेत आणि त्यांत 14, 15, 13, 16 आणि 12 मिळून 70 मार्क पडले आहेत. मिडटर्मला 56 टक्के आहेत. सात असाइनमेंट उरल्या आहेत.

वेटेज कोर्सच्या माहितीपत्रकातून उतरवून घ्या. कोणाच्या आठवणीवर जाऊ नका.

आता अडचणीची पायरी. या विद्यार्थ्याला पोर्टलवर एकूण सरासरी दिसते 65.3 टक्के. बहुतेक पोर्टल फक्त तपासून झालेलं काम धरतात. असाइनमेंटमध्ये 100 पैकी 70, म्हणजे 70 टक्के, मिडटर्मला 56. फायनल अजून झालेलीच नाही, म्हणून तिचं वेटेज बाजूला ठेवून उरलेल्या 60 मध्ये ही सरासरी काढलेली असते. पासची रेघ 50 वर, आपण 65 वर, हातात पंधरा टक्के शिल्लक, असं वाटतं. प्रत्यक्षात खात्यात जमा काय आहे? 240 पैकी 70 मार्क म्हणजे 40 टक्क्यांतले 11.67. मिडटर्मचे 11.2. मिळून 100 पैकी 22.87. पास व्हायला अजून 27 च्या वर कमवायचे आहेत.

मी यात स्वतः अडकलो आहे. एका सत्रात मी एकामागून एक असाइनमेंट सोडत गेलो आणि प्रत्येक वेळी पोर्टल उघडून खात्री करून घेतली. सरासरी तसूभरही हलली नाही, कारण न दिलेल्या असाइनमेंटच्या रकान्यात नुसती रेघ होती आणि रेघ सरासरीत धरली जात नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकांनी त्या सगळ्या रेघांच्या जागी शून्य भरले आणि आकडा एका रात्रीत कोसळला. तेव्हा सबमिट करण्याची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून निक्षून सांगतो: असाइनमेंट सोडल्यावर सरासरी खाली आली नाही, तर ती असाइनमेंट अजून मोजलेलीच नाही असं समजा. तुमच्या हिशोबात छेद पहिल्या दिवसापासून पूर्ण हवा. झालेल्या पाचांचे 100 नव्हे, बाराच्या बाराचे 240.

छेद दुरुस्त झाला की उलट दिशेने चला. फायनलमध्ये किती पडतील याचा अंदाज लागतो, आणि तो आशेने बांधू नका. मिडटर्मला 56 असतील तर फायनलला 56 धरू नका. सोडलेल्या असाइनमेंटचा सराव तुमच्याकडे नसणार. मी 45 धरतो. 45 टक्क्यांचे 40 वेटेजवर 18 होतात. त्यात मिडटर्मचे 11.2 मिळवले की 29.2. रेघ 50 ची, म्हणजे असाइनमेंटमधून 40 पैकी 20.8 हवेत. हे झाले 52 टक्के, आणि 240 चे 52 टक्के म्हणजे 124.8 मार्क. हातात 70 आहेत, अजून 54.8 हवेत.

आता एका असाइनमेंटला किती पडतील? सरासरी 14 आहे म्हणून लोक 14 ने भागतात. 54.8 भागिले 14 म्हणजे 3.9, म्हणून चार करायच्या आणि तीन सोडायच्या. गणित बरोबर आहे, पण एकूण बेरीज 50.2 येते. एका असाइनमेंटला तीन मार्क कमी पडले की नापास. आतापर्यंतचा सर्वांत कमी मार्क, म्हणजे इथे 12, त्याने भागा. उत्तर 4.57. साडेचार असाइनमेंट करता येत नाहीत, म्हणून पाच करायच्या. सोडता येतात दोन.

स्प्रेडशीटमध्ये हेच एका ओळीत:

```
=INT(7-(0.52*240-70)/12)
```

उत्तर ऋण आलं, तर सगळ्या असाइनमेंट करूनही फायनलमध्ये धरल्यापेक्षा जास्त मार्क लागतील. `INT` च्या जागी `ROUND` वापरू नका. कधी ना कधी ते एक असाइनमेंट जास्त सोडायला सांगेल.

या कोर्समध्ये 12 मार्कांच्या एका असाइनमेंटची किंमत एकूण निकालात बरोबर 2 टक्के आहे. फायनलमधले 5 टक्केही तेवढ्याच किमतीचे. म्हणजे फायनलचा अंदाज 45 वरून 40 वर घसरला, तर सोडायच्या दोनांपैकी एक गेली.

"सर्वांत कमी मार्कांच्या दोन असाइनमेंट धरल्या जाणार नाहीत" असा नियम असेल तर छेद 200 होतो. 52 टक्के म्हणजे 104. आणखी 34 मार्क हवेत, तीन असाइनमेंट पुरतात, चार सोडता येतात. पण इथे एक चूक हमखास होते. आपला 12 वाला मार्क वगळला जाईल असं आधीच धरून लोक वरून सोडायच्या दोन मोजतात. शून्य हाच सर्वांत कमी मार्क असल्यामुळे वगळण्याच्या दोन्ही जागा शून्यच घेणार, आणि तो 12 हिशोबात राहणार. एक सवलत दोनदा वापरता येत नाही.

आकडा हाती आला तरी नियम पुन्हा वाचा. काही कोर्सना प्रत्येक घटकात वेगळं पास व्हावं लागतं, काहींत ठरावीक असाइनमेंट दिल्याशिवाय फायनलला बसू देत नाहीत. असं एखादं वाक्य सापडलं तर वरचं सगळं गणित त्याच्या मागे जातं. आणि अर्धवट झालेली असाइनमेंट घरी ठेवून तिला सोडलेली म्हणू नका, ती देऊन टाका. 20 पैकी 5 पडले तरी निकालात जवळजवळ एक टक्का येतो.

सोडायच्या दोन लगेच वापरून टाकू नका, शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा. प्रत्येक निकालानंतर तीच ओळ नवे आकडे घालून पुन्हा चालवा. पुढच्या दोन असाइनमेंटना 17 आणि 16 पडले तर जमा 103 होतात, 21.8 उरतात, दोन असाइनमेंट पुरतात आणि उरलेल्या पाचांपैकी तीन सोडता येतात. त्याच दोनांना आठ-आठ पडले तर जमा 86, आणि सोडायला एकच उरते. तीही 12 ने भागलं तर. सर्वांत कमी मार्क आता 8 आहे. 38.8 ला 8 ने भागलं की 4.85 येतात, म्हणजे पाचही कराव्या लागतील.