सही करण्याआधी आठवडाभर राहून बघायचंय?

खारघरचा फर्निश्ड फ्लॅट आवडला, पण मालकांना तीन वर्षांचा करार हवाय. अशा वेळी सरळ विचारा: "काका, आधी आठवडाभर पैसे देऊन राहून बघू का? जमलं तर ती रक्कम पहिल्या भाड्यात वळती करा."

भाडं छत्तीस हजार असेल, तर रोजचे बाराशे होतात. तुम्ही पंधराशे देऊ करा, म्हणजे आठवड्याचे साडेदहा हजार. वळतं करण्याची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

तरी बरेच मालक नाही म्हणतील, आणि त्यात खोट नसते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते. शिवाय नोंदणी आणि पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय बऱ्याच सोसायट्या सामान आत सोडत नाहीत.

मग दुसरी मागणी करा. करार आताच नोंदवू, पण लॉक-इन दुसऱ्या महिन्यापासून; पहिल्या महिन्यात पंधरा दिवसांच्या नोटिशीवर सोडता यावं आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळावं. हे कलम करारातच हवं. दलालीचंही आधीच ठरवा, नाहीतर घर सोडलंत तरी ती गेलीच. राहायला गेल्यावर सकाळी सातला शॉवर आणि रात्री एसी चालवून बघा.